सगळंच 'पद्धती' कसं असेल? पहिल्या सिनॉप्सिसमधल्या चार शब्दांची उकल

पीएच.डी.साठीची नवी सिनॉप्सिस हातात आली की मी शीर्षक वाचतो आणि सरळ 'संशोधन पद्धती' या मथळ्याकडे जातो. तिथे बहुतेक वेळा अशा घडणीचं एक वाक्य असतं:

'प्रस्तुत संशोधनासाठी वर्णनात्मक पद्धती, सर्वेक्षण पद्धती, प्रश्नावली पद्धती, मुलाखत पद्धती, यादृच्छिक नमुना पद्धती आणि टक्केवारी पद्धती वापरण्यात येईल.'

एका वाक्यात सहा पद्धती. संशोधन व मान्यता समितीसमोर कुणी विचारतं, "तुम्ही कुणाची तुलना कुणाशी करणार?" विद्यार्थी उत्तर देतो, "सर, प्रश्नावली देणार आहे." विचारणारा आराखड्याबद्दल विचारत असतो, सांगणारा साधनाबद्दल सांगत असतो, आणि दोघांनाही वाटतं की आपण पद्धतीबद्दलच बोलतोय. सिनॉप्सिस दुरुस्तीसाठी परत येते. काय दुरुस्त करायचं ते मात्र समजत नाही.

हा गोंधळ विद्यार्थ्याच्या आळसातून येत नाही. मराठीत आपण 'पद्धती' हा शब्द कशालाही जोडतो. मेथडॉलॉजी म्हणजे संशोधन पद्धती, मेथड म्हणजेही पद्धती, नमुना निवडण्याची पद्धती, गुणांकन पद्धती. त्यात 'आराखडा' या शब्दाची भर. काही विद्यापीठांत 'संशोधन आराखडा' म्हणजे अख्खी सिनॉप्सिस, तर पाठ्यपुस्तकांत 'संशोधन आराखडा' म्हणजे रिसर्च डिझाइन. म्हणून या लेखापुरते शब्द पक्के करून घेऊ. मेथडॉलॉजीला पद्धतिशास्त्र, डिझाइनला अभिकल्प, मेथडला पद्धत आणि टेक्निकला तंत्र. 'अभिकल्प' हा शब्द जड आहे हे मान्य, पण त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही, आणि इथे आपल्याला तेच हवं आहे.

व्याख्या पाठ करून हा फरक कळत नाही, असा माझा अनुभव आहे. एक विषय घेऊन तो टप्प्याटप्प्याने सोडवला की कळतो. म्हणून एक ओळखीचा विषय घेऊ.

पहिला टप्पा: शेवटचं वाक्य आधी लिहा

शीर्षक समजा असं आहे: 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्यांचा अभ्यास'. अशी शीर्षकं दरवर्षी येतात. विषय खरा आहे, आणि महत्त्वाचाही. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या गाव सोडतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष मूल एक तर फडात असतं, नाही तर आजी-आजोबांकडे. या मुलांना गावातच राहून शिकता यावं म्हणून शाळेच्या आधाराने हंगामी वसतिगृहं चालवली जातात.

पण 'समस्यांचा अभ्यास' या शब्दांतून कोणताही अभिकल्प निघत नाही, कारण शेवटी काय सांगायचंय हेच ठरलेलं नाही. तेव्हा प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात तुम्हाला जे एक वाक्य लिहिता आलं पाहिजे, ते आज कागदावर लिहा. उत्तर काय येईल ते माहीत नसलं तरी वाक्याचा साचा ठरवता येतो. उदाहरणार्थ: 'गावात हंगामी वसतिगृह सुरू झाल्याने ऊसतोड कुटुंबातली मुलं हंगामात शाळेत टिकण्याचं प्रमाण अमुक इतकं वाढतं, किंवा वाढत नाही.'

या वाक्यात 'सुरू झाल्याने' हा शब्द आहे. म्हणजे तुम्ही कारण सांगताय. हे करायला नुसतं वर्णन पुरणार नाही, आणि सहा पद्धतींच्या यादीतल्या 'वर्णनात्मक' शब्दावर इथेच काट मारावी लागते.

दुसरा टप्पा: अभिकल्प, म्हणजे कुणाशी, केव्हा, कशाची तुलना

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये नेमकं हेच सर्वांत कमी लिहिलेलं असतं.

अभिकल्प म्हणजे पुराव्याची मांडणी. तुमच्या वाक्याला जी जी दुसरी स्पष्टीकरणं संभवतात, ती बाजूला काढता यावीत अशा रीतीने गट, वेळा आणि तुलना ठरवणं. माहिती कशी गोळा करायची, हा प्रश्न अजून आलेलाच नाही.

सगळ्यांना आधी सुचते ती तुलना अशी: वसतिगृहात राहिलेली मुलं आणि आईबापांबरोबर गेलेली मुलं. पण ती फसवी आहे. ज्या घरात धडधाकट आजी आहे, त्या घरातलं मूल मागे राहतं. ज्या घरात तान्हं बाळ आहे, तिथली दहा वर्षांची मुलगी ते बाळ सांभाळायला फडावर जाते. म्हणजे दोन गटांत फरक दिसला तरी तो वसतिगृहाचा, आजीचा की तान्ह्या बाळाचा, हे सांगता येत नाही. म्हणून मुलांची नव्हे, गावांची तुलना करायची: वसतिगृह असलेल्या गावातली ऊसतोड कुटुंबांतली सगळी मुलं, मग ती राहिलेली असोत वा गेलेली, आणि वसतिगृह नसलेल्या गावातली तशीच सगळी मुलं.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, यंदा पहिल्यांदाच वसतिगृह सुरू झालेली काही गावं आपण निवडली आणि शेजारची वसतिगृह नसलेली काही गावं घेतली. दोन्हीकडे ऊसतोड कुटुंबांतल्या दर 100 मुलांमागे जानेवारीत किती मुलं शाळेत होती, ते मोजलं. वसतिगृहाच्या गावांत गेल्या जानेवारीत 40 होती, यंदा 62 आहेत. बिनवसतिगृहाच्या गावांत गेल्या वर्षी 45 होती, यंदा 53.

एक विद्यार्थी फक्त यंदाचे आकडे घेतो: 62 वजा 53, वसतिगृहाचा परिणाम 9. दुसरा फक्त वसतिगृहाची गावं घेतो, आधी आणि नंतर: 62 वजा 40, परिणाम 22. तिसरा म्हणतो, वसतिगृह नसलेल्या गावांतही वर्षभरात 8 ची वाढ झालीच आहे. ती कदाचित पाऊस बरा झाला म्हणून असेल, कदाचित टोळ्या उशिरा निघाल्या म्हणून. तेवढी वाढ वसतिगृहाच्या गावांतही आपोआप झाली असती. म्हणून 22 मधून 8 वजा करायचे. परिणाम 14.

तिघांनी तेच हजेरीपत्रक पाहिलं, तीच मुलं मोजली, तीच टक्केवारी काढली. पद्धत एकच, तंत्र एकच, तरी उत्तरं 9, 22 आणि 14. फरक फक्त अभिकल्पाचा आहे. पहिल्याचा एकाच वेळच्या तुलनेचा, दुसऱ्याचा एकाच गटाचा आधी-नंतरचा, तिसऱ्याचा तुलनागटासह आधी-नंतरचा. पद्धत आणि अभिकल्प एकच आहेत असं वाटू लागलं की मी विद्यार्थ्यांना हे तीन आकडे फळ्यावर लिहून दाखवतो.

तिसऱ्या अभिकल्पालाही मर्यादा आहे. वसतिगृह नसतं तर दोन्हीकडच्या गावांत सारखाच बदल झाला असता, हे गृहीतक त्याच्या पोटात आहे. वसतिगृहाच्या गावांत त्याच वर्षी तलाव झाला आणि काही कुटुंबं ऊसतोडीला गेलीच नाहीत, तर 14 मधला काही भाग तलावाचा ठरतो. हे तपासायचं तर गेल्या वर्षीबरोबर त्याआधीच्या वर्षाचाही जानेवारी घ्या. वसतिगृहाआधी दोन्हीकडचे आकडे बरोबरीने वर-खाली होत असतील, तर गृहीतकाला आधार मिळतो. होत नसतील, तर ते तुम्हाला आत्ताच कळलं पाहिजे, व्हायवाच्या दिवशी नव्हे.

नमुना निवडही याच भागात येते. किती गावं, कोणत्या तालुक्यांतली, कोणत्या यादीतून, हे अभिकल्पाचं काम. त्या यादीतून चिठ्ठ्या टाकून गावं उचलायची की संगणकावर यादृच्छिक अंक काढायचे, हे तंत्र. 'यादृच्छिक नमुना पद्धती' असं लिहिलं की या दोन्ही गोष्टी एका शब्दाखाली जातात आणि यादी कुठून आणली, हा खरा प्रश्न अनुत्तरित राहतो. ऊसतोड कुटुंबांची यादी मुख्याध्यापकांकडून घेतली तर जी मुलं कधी पटावर आलीच नाहीत ती वगळली जातात, आणि मुकादमाकडून घेतली तर फक्त त्याच्याच टोळीतली कुटुंबं येतात. घरोघर जाऊन यादी करणं कष्टाचं आहे, पण मी तेच करायला सांगतो.

तिसरा टप्पा: पद्धत, म्हणजे पुरावा कोणत्या वाटेने मिळणार

अभिकल्पाने सांगितलं की दोन प्रकारच्या गावांत, किमान दोन जानेवारींमध्ये, किती मुलं शाळेत होती ते हवं. आता ते कळणार कसं? शाळेची कागदपत्रं पाहून, स्वतः जाऊन डोळ्यांनी मोजून, किंवा पालकांना विचारून. कागदपत्रांचा अभ्यास, निरीक्षण, सर्वेक्षण, मुलाखत या पद्धती.

अभिकल्प आणि पद्धत वेगळ्या असल्या तरी एकमेकींना बांधलेल्या असतात, हे इथे दिसतं. सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे न कळवता शाळेत जाऊन डोकी मोजणं. पण गेल्या वर्षीच्या जानेवारीत जाऊन डोकी मोजता येत नाहीत. अभिकल्पाला गेलं वर्ष हवंच असेल, तर हजेरीपत्रकाचाच आधार घ्यावा लागतो. आणि हजेरीपत्रकावर 'उपस्थित' असलेलं प्रत्येक मूल वर्गात बसलेलं असतंच असं नाही.

मार्ग असा काढता येतो. दोन्ही वर्षांसाठी हजेरीपत्रक वापरायचं, आणि यंदाच्या जानेवारीत दोन्ही प्रकारच्या गावांत प्रत्यक्ष डोकी मोजून पत्रक किती फुगलंय ते तपासायचं. दोन्हीकडे सारखंच फुगलं असेल, तर त्यामुळे तुलना एका बाजूला झुकत नाही. वसतिगृहाच्या गावांत जास्त फुगलं असेल, तर 14 हा आकडा जसाच्या तसा छापता येणार नाही, कारण त्यातला काही भाग नुसत्या नोंदीचा आहे. सिनॉप्सिसमध्ये 'कागदपत्रांचा अभ्यास आणि निरीक्षण' असे दोन शब्द लिहून चालत नाही. दुसरी पद्धत पहिलीच्या कोणत्या उणिवेसाठी घेतली, तेही लिहावं लागतं.

'सर्वेक्षण' हा शब्द इथे मुद्दाम वेगळा काढतो, कारण पाठ्यपुस्तकांतही तो दोन जागी सापडतो. काही लेखक त्याला अभिकल्प म्हणतात, काही पद्धत. 'व्यष्टी अध्ययन' म्हणजे केस स्टडीचंही तेच. कोण बरोबर, यात वेळ घालवू नका. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये त्या शब्दाने कोणतं काम केलंय ते पाहा. 'एकाच वेळी, दोन प्रकारच्या गावांतल्या 300 घरांचं सर्वेक्षण' यात तुलना आणि वेळ ठरली आहे, म्हणून शब्दाच्या पोटात अभिकल्प आहे. 'सर्वेक्षण करून माहिती गोळा केली जाईल' यात फक्त वाट सांगितली आहे, म्हणून ती पद्धत.

चौथा टप्पा: तंत्र, म्हणजे दुसऱ्याला तसंच करता येईल इतका तपशील

तंत्र म्हणजे पद्धत प्रत्यक्ष राबवण्याची कृती, आणि त्या कृतीत हाताशी लागतं ते साधन. मुलाखत ही पद्धत, अर्धसंरचित मुलाखत घेणं हे तंत्र, प्रश्नांचा छापील कागद हे साधन. 'प्रश्नावली पद्धती' लिहिणाऱ्याने साधनालाच पद्धतीच्या जागी बसवलेलं असतं.

तंत्र पुरेसं लिहिलं की नाही याची कसोटी सोपी आहे. तुमच्याऐवजी दुसरा कुणी गेला तर तो तेच करू शकेल का? 'निरीक्षण केले जाईल' एवढ्यावर तो काहीच करू शकत नाही. 'जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, बाजाराचा दिवस सोडून, परिपाठ संपल्यावर वर्गात जाऊन ऊसतोड कुटुंबांच्या यादीतल्या मुलांवर खूण करणे' एवढं लिहिलं तर करू शकतो. बाजाराचा दिवस का सोडायचा? कारण त्या दिवशी घरातली इतर कामं अंगावर पडून मुलं शाळेत येत नाहीत, आणि तो फरक ऊसतोडीचा नसतो.

प्रश्नाचे शब्द हाही तंत्राचाच भाग. 'तुमचा मुलगा शाळेत जातो का?' असं विचारलं की बहुतेक आईबाप 'जातो की' म्हणतात, कारण नाही म्हणणं कमीपणाचं वाटतं. 'काल सकाळी तो कुठं होता?' असं विचारलं की उत्तर ठोस मिळतं. पद्धत बदललेली नाही, मुलाखतच आहे. फक्त तंत्र सुधारलं.

टक्केवारी, सरासरी, काय वर्ग चाचणी ही विश्लेषणाची तंत्रं. 'टक्केवारी पद्धती' हा शब्दप्रयोग काढून टाकाच. टक्केवारी काढणं ही गणिताची एक पायरी आहे.

पाचवा टप्पा: पद्धतिशास्त्र, म्हणजे हे सगळं का

बरेच विद्यार्थी पद्धतिशास्त्र म्हणजे पद्धतींची बेरीज समजतात. तसं नाही. पद्धतिशास्त्र म्हणजे युक्तिवाद: जग कसं समजतं याबद्दल तुमची भूमिका कोणती, कशाला तुम्ही पुरावा मानता आणि हा अभिकल्प व या पद्धती या प्रश्नाला का योग्य आहेत.

वरच्या अभ्यासात काही गृहीतकं आपण मुकाट्याने स्वीकारली आहेत. शाळेतली हजेरी म्हणजे शाळेत टिकणं, असं मानलं. वेगवेगळ्या गावांतली मुलं एकाच मापाने मोजता येतात, असं मानलं. संशोधक बाहेर उभा राहून मोजू शकतो, असं मानलं. पद्धतिशास्त्राच्या परिच्छेदात हे उघडपणे लिहायचं असतं.

तुलनेसाठी प्रश्न बदलून पाहू: 'मूल मागे ठेवायचं की बरोबर न्यायचं, हे ऊसतोड कुटुंबातली आई कसं ठरवते?' आता हजेरीपत्रक जवळपास निरुपयोगी आहे. उचल किती घेतली, सासूची तब्येत कशी, मुलगी वयात आली का, या सगळ्याचा तिच्या लेखी अर्थ काय, ते समजून घ्यायचं आहे. इथे 300 घरं नकोत. आठ-दहा कुटुंबं घेऊन त्यांना तीनदा भेटणं हा अभिकल्प योग्य: टोळी निघण्याआधी गावात, हंगामात कारखान्यावरच्या कोपीत आणि परतल्यावर. पद्धती मुलाखत आणि निरीक्षण. मुलाखतीचं तंत्र कदाचित वरच्यासारखंच अर्धसंरचित. पण पुराव्याची कसोटी पूर्ण बदलली. 'आठ घरं जिल्ह्याचं प्रतिनिधित्व करतात का?' हा प्रश्न या अभ्यासाला लागू नाही. तीन भेटींमध्ये तिचं सांगणं का बदललं, याचा उलगडा तुम्ही करू शकता का, हा लागू आहे.

आणि संशोधकाची जागा. त्या कोपीपर्यंत तुम्ही मुकादमाच्या मोटारसायकलवरून पोचलात तर ती बाई तुमच्याशी मुकादमाच्या माणसाशी बोलावं तसं बोलेल. घरावर उचलीचं कर्ज आहे. लेकरू ऊस वाहायला मदत करतं असं सांगितलं तर आपल्यावरच काही बालंट येईल, हीही भीती आहे. गावातल्या शिक्षिकेबरोबर गेलात तर ती वेगळं सांगेल. कुणाच्या ओळखीने जायचं हे वरवर तंत्र वाटतं, पण मिळालेलं उत्तर कशाचं मानायचं हा प्रश्न पद्धतिशास्त्राचा आहे.

सहावा टप्पा: हलवून पाहा

सिनॉप्सिस लिहून झाली की प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारा: हे बदललं तर काय बदलेल? चिठ्ठ्यांऐवजी संगणकाने गावं निवडली, तर निष्कर्षाचं स्वरूप तसंच राहतं. मग ते तंत्र. हजेरीपत्रकाऐवजी पालकांना विचारलं, तर पुराव्याचा प्रकार बदलतो. ती पद्धत. तुलनेची गावं काढून टाकली, तर 14 चे 22 होतात आणि दावाच बदलतो. तो अभिकल्प. 'परिणाम किती' ऐवजी 'आई कसं ठरवते' असं विचारावंसं वाटू लागलं, तर प्रश्न बदलला, आणि त्याबरोबर पद्धतिशास्त्र.

एक इशारा. मिश्र पद्धती घ्यायचा मोह होईल. घ्या, पण दोन्ही प्रश्न खरोखर असतील तरच. एक अभ्यास नीट न जमल्याने दुसरा जोडला, तर समितीला ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

सातवा टप्पा: तो परिच्छेद पुन्हा लिहा

विद्यापीठाच्या नमुन्यात मथळा 'संशोधन पद्धती' असाच असेल तर तो बदलायला जाऊ नका. त्याखाली सुरुवातीला एका ओळीत शब्दांचा वापर सांगा आणि मग उतरत्या क्रमाने लिहा. आपल्या उदाहरणात तो मजकूर असा होईल:

'या प्रस्तावात पद्धतिशास्त्र, अभिकल्प, पद्धत आणि तंत्र हे शब्द वेगळ्या अर्थांनी वापरले आहेत. हंगामी वसतिगृहाचा मुलांच्या शाळेत टिकण्यावर होणारा परिणाम मोजणे हा उद्देश असल्याने अभ्यास संख्यात्मक भूमिकेतून केला आहे. हंगामातील उपस्थिती हे टिकण्याचे माप मानले आहे. मूल प्रत्यक्षात किती शिकले, हे या मापातून कळत नाही. अभिकल्प तुलनागटासह आधी-नंतरचा आहे: यंदा वसतिगृह सुरू झालेली आणि वसतिगृह नसलेली गावे, तीन सलग वर्षांचे जानेवारी महिने. घरोघर केलेल्या यादीतील ऊसतोड कुटुंबांची शालेय वयाची सर्व मुले अभ्यासात असतील. मुख्य पद्धत हजेरीपत्रकांचा अभ्यास ही आहे. नोंदी कितपत खऱ्या आहेत हे पडताळण्यासाठी यंदाच्या जानेवारीत प्रत्यक्ष निरीक्षण केले जाईल. निरीक्षण न कळवता, बाजाराचा दिवस सोडून, परिपाठानंतर यादीवर खूण करून होईल. दोन्ही गटांतील बदलांमधला फरक काढून परिणाम मांडला जाईल.'

घरोघरच्या यादीत एक अडचण उरते: दोन वर्षांपूर्वी पूर्ण कुटुंबच गाव सोडून गेलं असेल तर ते आजच्या यादीत येत नाही. मर्यादांच्या भागात हे लिहा, आणि शेजाऱ्यांना विचारून अशा कुटुंबांची वेगळी नोंद ठेवा. समितीतला कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतोच.